डीडी हरवला, मुदत संपली किंवा नको झाला: पैसे परत मिळवायचे कसे

बँकेत ड्राफ्टच्या काउंटरवर मी बरीच वर्षं काढली. डीडी हरवलेला माणूस समोर आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "माझे पैसे गेले का हो?" याचं उत्तर बहुतेक वेळा "नाही" असतं. पण ते पैसे परत मिळतात की अडकून पडतात, हे पहिल्या दोन-तीन दिवसांत तो माणूस काय करतो त्यावर ठरतं. म्हणून सगळ्यात अवघड प्रकरण, म्हणजे हरवलेला डीडी, आधी नीट समजून घेऊ. मुदत संपलेला आणि रद्द करायचा डीडी त्या मानाने सोपा आहे, तो नंतर.

एक उदाहरण धरून चालू. साताऱ्याच्या एका बाईंनी मुलीच्या प्रवेशासाठी 12 जूनला आपल्या बचत खात्यातून 18,500 रुपयांचा डीडी काढला. तो पुण्याच्या कॉलेजच्या नावाने होता आणि पुण्यात वटणारा होता. त्यांनी तो स्पीड पोस्टने पाठवला. 30 जूनला कॉलेजने कळवलं, आमच्याकडे काही आलेलं नाही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. चेक हा तुमचा बँकेला दिलेला आदेश असतो, पैसे तुमच्याच खात्यात असतात, आणि तुम्ही तो थांबवू शकता. डीडीचं तसं नाही. डीडी काढला त्याच दिवशी पैसे तुमच्या खात्यातून निघून बँकेच्या ताब्यात जातात, आणि ज्याचं नाव डीडीवर आहे त्याला ते देण्याचं वचन बँक स्वतः देते. म्हणूनच "माझा डीडी स्टॉप करा" एवढं म्हटल्याने बँक तो थांबवत नाही. ती हरवल्याची नोंद घेते, सिस्टीममध्ये त्या नंबरवर सावधानतेची खूण लावते, आणि मग तुमच्याकडून कागद मागते. हे कागद म्हणजे अडवणूक नव्हे. उद्या मूळ डीडी कोणी हजर केला तर त्याच 18,500 रुपयांसाठी बँकेला दोनदा हात खिशात घालावा लागू शकतो, ती भीती त्यामागे असते.

पहिलं काम: नंबर शोधा

डीडीवर खालच्या पट्टीत सहा आकडी नंबर असतो. तो नंबर, तारीख, रक्कम आणि कोणाच्या नावाने काढला, या चार गोष्टी असल्या की अर्धं काम झालं. डीडी काढताना जो फॉर्म भरला त्याचा बँकेचा शिक्का मारलेला भाग, म्हणजे काउंटरफॉईल, तुमच्याकडे असतो. तो सापडत नसेल तर पासबुकातली किंवा खाते उताऱ्यातली ती नोंद पाहा. पुष्कळदा तिथेच नंबर छापलेला असतो. तिथेही नसेल तर खात्यातून पैसे गेले ती तारीख आणि रक्कम सांगितली तरी काढणारी शाखा आपल्या नोंदीतून नंबर शोधून देते. रोखीने डीडी काढला असेल आणि काउंटरफॉईलही नसेल, तर शोध लांबतो. तरी कोणत्या शाखेत आणि साधारण कोणत्या तारखेला काढला एवढं सांगता आलं तरी निघतो. डीडी हातात आला की लगेच मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा, असं मी प्रत्येकाला सांगत असे. ज्यांनी ऐकलं त्यांचं काम पुढे फार लवकर झालं.

नंबर मिळाला की ज्या शाखेतून डीडी काढला त्याच शाखेत जा. दुसऱ्या शाखेत जाण्यात दिवस फुकट जातो. काउंटरवर एकच प्रश्न विचारा: "या नंबरचा डीडी वटला आहे का?" आता सगळ्या शाखा संगणकाने जोडलेल्या असल्यामुळे हे तिथल्या तिथे कळतं. पूर्वी पुण्याच्या शाखेकडून 'पैसे दिलेले नाहीत' असं पत्र यावं लागे, आणि त्या पत्राची वाट पाहण्यात आठवडे जात.

उत्तर "वटलेला नाही" असं आलं तर उत्तम, पुढे चला. "वटला आहे" असं आलं तर डुप्लिकेटचा विषय तिथेच संपतो आणि वेगळा शोध सुरू होतो. मग लेखी अर्ज देऊन विचारा की कोणत्या तारखेला, कोणत्या बँकेमार्फत आणि कोणाच्या खात्यात पैसे जमा झाले. वटलेल्या डीडीची प्रतही मागा. निम्म्याहून अधिक वेळा असं निघतं की डीडी संस्थेला मिळालेला असतो, त्यांच्या खात्यात जमाही झालेला असतो, फक्त कॉलेजच्या एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर निरोप गेलेला नसतो. जमा झाल्याची तारीख दाखवली की कॉलेज आपली नोंद दुरुस्त करतं.

इथे क्रॉसिंगचं महत्त्व कळतं. 20,000 रुपये आणि त्यावरचा डीडी बँकेला 'अकाउंट पेयी' असा क्रॉस करूनच द्यावा लागतो. त्याखालच्या रकमेला ही सक्ती नाही. आपल्या उदाहरणातली रक्कम 18,500 आहे, म्हणजे सक्तीच्या खाली. सुदैवाने शाखेने तो क्रॉस करून दिला होता, त्यामुळे सापडला तरी दुसऱ्या कोणाला त्याचे पैसे घेणं फार कठीण होतं. तुमच्या डीडीवर डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेषा आणि 'अकाउंट पेयी' हे शब्द नसतील, तर पाठवण्याआधी काउंटरवरच त्या मारून घ्या.

अर्ज कसा लिहायचा

फोनवर कळवणं चांगलं, पण त्यावर थांबू नका. मुदतीचं घड्याळ लेखी अर्ज दिल्यापासून सुरू होतं. अर्ज साधा, एका पानाचा असावा:

"मा. शाखा व्यवस्थापक, ... बँक, ... शाखा. विषय: गहाळ डिमांड ड्राफ्टची डुप्लिकेट मिळण्याबाबत. मी दिनांक 12 जून रोजी आपल्या शाखेतून माझ्या बचत खाते क्रमांक ... मधून ड्राफ्ट क्रमांक ..., रक्कम रुपये 18,500, ... कॉलेज यांच्या नावे, पुणे येथे देय, असा काढला. तो स्पीड पोस्टने पाठवला असता प्राप्तकर्त्यास मिळालेला नाही. संस्थेचे पत्र आणि पोस्टाची पावती सोबत जोडली आहे. सदर ड्राफ्ट मी अन्य कोणासही दिलेला नाही किंवा त्यावर कोणाच्याही नावे सही केलेली नाही. कृपया त्यावर गहाळ असल्याची नोंद घ्यावी आणि डुप्लिकेट द्यावी. मूळ ड्राफ्ट सापडल्यास तो मी बँकेस परत करीन."

खाली सही करा. ती खात्यावरच्या सहीशी जुळायला हवी. कितीतरी अर्ज केवळ सही वेगळी पडली म्हणून परत गेलेले मी पाहिले आहेत. अर्जाच्या दोन प्रती काढा आणि दुसऱ्या प्रतीवर शाखेचा इनवर्ड शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिक्का मारलेली ही पोच नसेल तर पुढे काहीही सिद्ध करता येत नाही. काउंटरवर कोणी "पोच कशाला हवी" म्हणालं तरी नम्रपणे पण ठामपणे मागा. तो तुमचा हक्क आहे.

संस्थेच्या पत्राबद्दल एक बारकावा. "डीडी मिळालेला नाही" एवढं लिहून भागतं, पण त्यात डीडीचा नंबर आणि रक्कम यायला हवी. आणि डीडी मिळाला होता पण आमच्याकडून हरवला, असं असेल तर ते तसंच लिहून घ्या. त्या वेळी हमीपत्रावर संस्थेचीही सही बँक मागू शकते, कारण कायद्याने तो डीडी त्यांच्या हाती पोहोचलेला असतो.

हमीपत्र

डुप्लिकेट देण्याआधी बँक इन्डेम्निटी बाँड, म्हणजे हमीपत्र घेते. मूळ डीडी पुढे कोणी वटवला आणि बँकेचं नुकसान झालं तर ते मी भरून देईन, असं त्यात लिहून द्यायचं असतं. ही जुनी रीत आहे. 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 45-अ मध्ये हरवलेल्या हुंडीबाबत हाच न्याय आहे: ज्याच्याकडून हरवली त्याने हमी द्यावी आणि दुसरी मागून घ्यावी.

बाँडचा मजकूर बँकेचा छापील असतो. स्टॅम्प पेपर किती रुपयांचा हवा, एकच सही चालेल की जामीनदाराचीही लागेल, हे पैसे खर्च करण्याआधी शाखेत विचारून घ्या. आधीच स्टॅम्प पेपर घेऊन, बाहेरून टाइप करून आणलेला बाँड नाकारला गेला तर पैसे आणि दिवस दोन्ही जातात. रक्कम मोठी असेल तर शाखा जामीनदार किंवा पोलिसांकडे दिलेल्या गहाळ तक्रारीची प्रतही मागते. गहाळची नोंद पोलीस ठाण्यात करता येते. चोरी झालेली नसेल तर गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरू नका, बँकेला फक्त हरवल्याची नोंद हवी असते.

छोट्या रकमेसाठी रिझर्व्ह बँकेने वाट सोपी केली आहे. डीडी 5,000 रुपयांपर्यंतचा असेल तर वटवणाऱ्या शाखेकडून पैसे न दिल्याची खात्री येण्याची वाट न पाहता, पुरेसं हमीपत्र घेऊन डुप्लिकेट द्यायची असते. परीक्षा फी किंवा नोकरीच्या अर्जाची फी अशा रकमांना हा नियम लागू होतो. काउंटरवरच्या नव्या कर्मचाऱ्याला तो माहीत नसेल तर शाखा व्यवस्थापकाला भेटून सांगा.

किती दिवस लागावेत

रिझर्व्ह बँकेच्या ग्राहकसेवेच्या नियमांत डुप्लिकेट डीडीसाठी मुदत ठरवून दिलेली आहे: अर्ज मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत. त्यापुढे उशीर झाला तर जेवढे दिवस उशीर झाला तेवढ्या मुदतीच्या ठेवीला लागू असलेल्या दराने बँकेने ग्राहकाला व्याज द्यायचं असतं. हा नियम डीडी काढणाऱ्याने किंवा ज्याच्या नावे डीडी आहे त्याने अर्ज केला तरच लागू होतो. मधे कोणी मागे सही करून तो तिसऱ्याच्या नावे केला असेल तर ही मुदत लागू होत नाही.

आपल्या उदाहरणात अर्जाची पोच 1 जुलैची होती. सगळे कागद पुरे होते. म्हणजे साधारण 15 जुलैपर्यंत डुप्लिकेट मिळायला हवी होती. ती मिळाली 4 ऑगस्टला, 20 दिवस उशिराने. समजा तेवढ्या मुदतीच्या ठेवीचा दर 4 टक्के आहे. मग 18,500 रुपयांवर 20 दिवसांचं व्याज होतं सुमारे 40 रुपये. रक्कम लहान आहे, पण लेखी मागणी करण्यात अर्थ आहे. "15 जुलैला मुदत संपली, व्याज कधी जमा होईल?" असं पत्र गेलं की पडून राहिलेला अर्ज टेबलावरून हलतो, हे मी आतून पाहिलं आहे.

खरं नुकसान मात्र व्याजाचं नसतं, प्रवेशाच्या तारखेचं असतं. म्हणून डुप्लिकेटची वाट पाहत बसू नका. संस्थेला लगेच कळवा आणि फी ऑनलाइन भरता येईल का ते विचारा. ती भरली, तर बँकेला अर्ज बदलून द्या: डुप्लिकेट नको, डीडी रद्द करून रक्कम माझ्या खात्यात जमा करा. हमीपत्र तेव्हाही लागतं, पण नव्या डीडीचं काम वाचतं.

डुप्लिकेट घेतलीत तर हातात आल्यावर आधी त्यावरची तारीख पाहा, कारण वटण्याची मुदत कागदावरच्या तारखेवरून मोजली जाते. मग ती संस्थेला देताना पत्रात जुन्या डीडीचा नंबर लिहा आणि "तो आला तर खात्यात भरू नये, आम्हाला परत करावा" असं स्पष्ट सांगा. मूळ पाकीट महिनाभराने पोस्टातून उगवणं नवीन नाही. तो डीडी सापडला तर बँकेत नेऊन द्या आणि पोच घ्या. तो वटवला गेला तर तुम्ही दिलेल्या हमीपत्राचा बोजा तुमच्यावरच येतो.

मुदत संपलेला डीडी

डीडी त्यावरच्या तारखेपासून तीन महिने चालतो. 1 एप्रिल 2012 पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती, आणि जुन्या सवयीने अनेकजण अजून सहा महिने समजून चालतात. 12 जूनचा डीडी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपतो. आणि शेवटच्या दिवशी तो खिडकीत टाकून उपयोग नाही, तो क्लिअरिंगला वेळेत पोहोचायला हवा.

मुदत संपली म्हणजे पैसे बुडाले असं नाही. बँकेने घेतलेली रक्कम बँकेकडेच असते. दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे रिव्हॅलिडेशन. मूळ डीडी आणि अर्ज घेऊन काढणाऱ्या शाखेत जायचं, तिथे अधिकारी त्यावर नवी तारीख टाकून सही करतो. दुसरी वाट म्हणजे जुना डीडी रद्द करून नवा काढणं. आता चेक आणि डीडी क्लिअरिंगला कागदाऐवजी प्रतिमेच्या रूपात जातात आणि त्यात तारखेच्या पुनर्वैधतेशिवाय दुसरी खाडाखोड चालत नाही. त्यामुळे बऱ्याच शाखा सरळ नवा डीडी देणं पसंत करतात. तुम्हालाही तेच सोयीचं. नव्या डीडीवर संशयाला जागा राहत नाही.

रिव्हॅलिडेशनचा अर्ज ज्याने डीडी काढला त्याने करायचा. डीडी संस्थेकडे पडून मुदत संपली असेल तर संस्था तो परत पाठवते आणि तुम्ही तो शाखेत नेता. ज्याच्या नावे डीडी आहे त्याने स्वतः शाखेत जाऊन फारसं साधत नाही. आणि एक गोष्ट अगदी जीव तोडून सांगतो: स्वतः तारखेवर पेन फिरवू नका. तारीख, नाव, रक्कम यातला कोणताही बदल तुम्ही केला तर तो कायद्याने महत्त्वाचा फेरफार ठरतो आणि बिनघोर चालणारा डीडी बाद होतो. नावात चूक असेल, शहर चुकलं असेल, तरी दुरुस्ती शाखेतूनच, किंवा रद्द करून नवा काढूनच.

रद्द करून पैसे परत

डीडी तुमच्या हातात आहे आणि गरज उरली नाही, हे सर्वात सोपं. मूळ डीडी, ओळखपत्र आणि "रद्द करून रक्कम जमा करावी" असा अर्ज शाखेत द्या. पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परत येतात. इथे सगळ्यांत जास्त गोंधळ होतो. काकांनी आपल्या खात्यातून पुतण्याच्या फीचा डीडी काढून दिला असेल तर परतावा काकांच्या खात्यात जाईल, आणि अर्जावर सहीही काकांची लागेल. पुतण्या डीडी घेऊन आला तरी शाखा त्याच्या हातात पैसे देत नाही, आणि देऊही नये. 15 सप्टेंबर 2018 पासून डीडीवर तो काढणाऱ्याचं नावही छापलं जातं, त्यामुळे खरा मालक कोण यावर वाद उरत नाही.

50,000 रुपये आणि त्यावरचा डीडी रोखीने काढता येत नाही, म्हणून अशा रकमेचा परतावा नेहमी खात्यातच येतो. त्याखालचा डीडी रोखीने काढला असेल तर ओळख पटवून परत मिळतो, पण तुमचं खातं असेल तर खात्यात घेणं केव्हाही सुरक्षित.

डीडी काही दिवस संस्थेकडे राहून परत आला असेल तर संस्थेचं पत्र घ्या: "हा डीडी आम्ही वापरलेला नाही, रक्कम काढणाऱ्यास परत देण्यास आमची हरकत नाही." हे पत्र आणि डीडी सोबत गेले की सहसा त्याच दिवशी पैसे जमा होतात. डीडी काढताना दिलेलं कमिशन परत मिळत नाही. रद्द करण्याचा आकार प्रत्येक बँकेचा वेगळा असतो आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. आकार 100 रुपये असेल तर 118 कापले जातील. पैसे कमी आले म्हणून घाबरू नका, पण पावती मागा.

फार जुना डीडी सापडला तर

कपाटात जुना डीडी निघतो आणि काढणारी व्यक्ती हयात नसते, असंही होतं. दहा वर्षांहून जास्त काळ न वटलेल्या डीडीची रक्कम बँक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत वर्ग करते. तरीही हक्क संपत नाही. मागणी बँकेकडेच करायची, बँक तपासून पैसे देते आणि नंतर निधीकडून भरून घेते. काढणारी व्यक्ती वारली असेल तर वारसांनी मृत्यू दाखला आणि खात्यासाठी मागितली जाणारी वारसाची कागदपत्रं डीडीसोबत द्यावीत.

शाखा ऐकत नसेल तर आधी बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा, तिचा क्रमांक ठेवा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही. तिथे तक्रार भरताना डीडीचा नंबर, अर्जाची शिक्का मारलेली पोच आणि बँकेला केलेल्या तक्रारीची प्रत जोडा. साताऱ्याच्या त्या बाईंकडे हे तीनही कागद एका पारदर्शक फोल्डरमध्ये होते. 4 ऑगस्टला डुप्लिकेट हातात घेतल्यावर त्यांनी व्याजाचं पत्रही दिलं, आणि त्यांच्या खात्यात 40 रुपये जमा झाल्याची नोंद मी स्वतः पाहिली.